आमची वाटचाल: साडेसहा लाखांचा फरक आणि तिसरा रकाना

वडिलांनी दोन मागांवर चादरी विणायला सुरुवात केली. आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे बारा माग आहेत आणि चादरीची जागा टेरी टॉवेलने घेतली आहे. वर्षाला पावणेदोन-दोन कोटींची विक्री होते, माल पुणे, हैदराबाद आणि विजयपूरकडे जातो. धागा मी बघतो, मार्केट दादा बघतो आणि टॅलीवर वहिनी बसतात. वाटचाल सांगायची तर लोक नवीन मशीन कधी आलं ते सांगतात. मी जीएसटीची नोटीस सांगणार आहे, कारण त्या महिन्यात आम्हाला आमचाच धंदा नीट कळला.

नोटीस २७ जून २०२४ ची होती आणि आम्ही ती पाहिली ९ जुलैला. पोर्टलवर जुना मोबाईल नंबर होता, त्यामुळे मेसेज दादाच्या बंद पडलेल्या सिमवर गेला असणार. वहिनी दुसऱ्याच कामासाठी पोर्टल उघडून बसल्या होत्या. `View Additional Notices/Orders` वर सहज क्लिक केलं आणि मला हाक मारली, "भाऊजी, हे बघा की. साडेसहा लाखांचा फरक म्हणतायत."

एएसएमटी-१० नावाची ती नोटीस. कलम ६१ खाली अधिकारी विवरणपत्रांची छाननी करतात आणि काही खटकलं तर ती येते. उत्तर एएसएमटी-११ मध्ये द्यायचं, मुदत तीस दिवस. त्यातले बारा दिवस आम्ही न पाहताच गेले होते. मजकूर असा: २०२२-२३ मध्ये जीएसटीआर-१ नुसार करपात्र विक्री १,८६,४०,००० रुपये, जीएसटीआर-३बी नुसार १,७९,९०,०००. फरक ६,५०,०००, त्यावर पाच टक्क्यांनी कर ३२,५००, आणि वर व्याज.

धंद्यात नसलेल्यांसाठी एवढंच: जीएसटीआर-१ मध्ये एकेक बिल जातं, ३बी मध्ये महिन्याची एकूण रक्कम जाते आणि कर तिच्यावर भरला जातो. पहिल्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसलं, की माल विकला पण कर भरला नाही असा अर्थ निघतो.

दादाचं म्हणणं, साडेबत्तीस हजारच आहेत, भरून टाकू आणि सुटू. मला उलट वाटत होतं. मी संध्याकाळी एक कागद लिहिलासुद्धा: "सदर फरक क्रेडिट नोटमुळे आहे, तरी नोटीस रद्द करावी." सीएंनी तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "कुठली क्रेडिट नोट? किती? कुठल्या पार्टीची? ह्यात एकही आकडा नाही. आणि तुम्हाला तरी माहीत आहे का की सगळा फरक त्याच्यामुळेच आहे?" मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी जे करायला लावलं तेच ह्या लेखाचं खरं कारण आहे. आम्ही दोन रकाने घेऊन बसलो होतो, एक जीएसटीआर-१ चा आणि एक ३बी चा. महिन्यामहिन्याला वजाबाकी केली की फरक कुठे आहे ते दिसतं, पण दोघांपैकी चूक कोणाची हे कळत नाही. त्यांनी तिसरा रकाना मागितला: टॅलीतलं विक्री रजिस्टर, क्रेडिट नोटा, म्हणजे परत आलेल्या मालाच्या नोंदी, वजा करून. वहिनींनी तो काढला. वर्षाची बेरीज आली १,८१,६५,०००. म्हणजे आमची वही दोन्ही विवरणपत्रांच्या मधोमध. जीएसटीआर-१ वहीपेक्षा ४,७५,००० ने जास्त आणि ३बी वहीपेक्षा १,७५,००० ने कमी. तिथेच उमगलं की हा एक फरक नाही. काही चुका पहिल्या विवरणपत्रात होत्या, काही दुसऱ्यात, आणि कराचा पैसा फक्त दुसऱ्या प्रकारात बुडालेला होता.

दुसरी खूण नोटिशीतच होती, आमचं लक्ष गेलं नव्हतं. कराची फोड होती: आयजीएसटी २३,७५०, सीजीएसटी ४,३७५, एसजीएसटी ४,३७५. आयजीएसटी परराज्यातल्या विक्रीवर लागतो आणि बाकीचे दोन राज्यातल्या, म्हणजे फरकाचा मोठा भाग परराज्यातल्या बिलांचा. परराज्यात आमच्या पार्ट्या जेमतेम सहा. वर्षभराची बिलं चाळायची गरजच उरली नाही, सहा खाती, एवढंच बघायचं होतं.

पहिलं सापडलं ते हैदराबादचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मरून रंगाचे टॉवेल पाठवले होते. रंगाईचे दोन लॉट एकाच गठ्ठ्यात गेले. कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे टॉवेल दुकानाच्या काउंटरवर उन्हात धरले की एक विटकरी आणि एक वांग्यासारखा. व्यापाऱ्याने माल मार्चमध्ये परत पाठवला. २,८०,००० ची क्रेडिट नोट २५ मार्चला टॅलीत पडली, म्हणून मार्चच्या ३बी मध्ये विक्री तेवढी कमी दाखवली गेली. पण जीएसटीआर-१ मध्ये तीच क्रेडिट नोट चढली थेट मे महिन्यात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. कायद्याने ती वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवता येते, त्यामुळे उशीर झाला तरी ती बाद नव्हती. कर बुडाला नव्हता, फक्त वर्ष बदललं होतं.

दुसरं विजयपूरचं. सप्टेंबरअखेर १,९५,००० चं बिल केलं, ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन पावती, काढलं आणि गाडी आलीच नाही. ई-वे बिल चोवीस तासांच्या आत रद्द केलं, टॅलीतलं बिलही रद्द केलं. दहा दिवसांनी नव्या नंबरचं बिल करून माल गेला. पण आमची बिलं आठवड्याला पोर्टलवर चढायची आणि पहिलं बिल तोवर चढलेलं होतं. मी समजत होतो की ई-वे बिल रद्द केलं की तिकडचंही आपोआप जातं. जात नाही. जीएसटीआर-१ मधली ओळ आपणच काढावी लागते, भरून झालं असेल तर पुढच्या महिन्यात तक्ता ९ए मध्ये दुरुस्त करावी लागते. आम्ही केली नाही, आणि ३० नोव्हेंबर २०२३ नंतर तो रस्ताही बंद झाला.

तिसरं मात्र आमच्या अंगावर येणारं. डिसेंबरची ३१ तारीख, पुण्याच्या पार्टीचं १,७५,००० चं बिल. वहिनींनी ३बी साठीचा आकडा ८ जानेवारीला एका चिठ्ठीवर काढून ठेवला होता. हे बिल त्यानंतर टॅलीत आलं, ११ तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये गेलं. मग गड्ड्याची यात्रा लागली, कामगार नाहीत, घरात पाहुणे. २० जानेवारीला ३बी भरताना पोर्टल स्वतःहून बरोबर आकडा दाखवत होतं आणि आम्ही तो खोडून चिठ्ठीवरचा टाकला. (हल्ली तसं करताच येत नाही. जुलै २०२५ च्या विवरणपत्रापासून तो आकडा कुलूपबंद आहे. चूक असेल तर आधी जीएसटीआर-१ए मधून सुधारायची.)

हे तीन सापडल्यावर ताळमेळ पत्रक एका पानात बसलं:

| तपशील | करपात्र रक्कम | आयजीएसटी | सीजीएसटी | एसजीएसटी |
|---|---|---|---|---|
| जीएसटीआर-१ नुसार | १,८६,४०,००० | | | |
| वजा: हैदराबाद क्रेडिट नोट, पुढील वर्षी दाखवलेली | २,८०,००० | १४,००० | – | – |
| वजा: विजयपूर, रद्द बिल | १,९५,००० | ९,७५० | – | – |
| वहीनुसार विक्री | १,८१,६५,००० | | | |
| वजा: पुणे, ३बी मध्ये राहिलेलं बिल | १,७५,००० | – | ४,३७५ | ४,३७५ |
| जीएसटीआर-३बी नुसार | १,७९,९०,००० | २३,७५० | ४,३७५ | ४,३७५ |

शेवटच्या ओळीतला कर म्हणजे फरकावरचा एकूण कर. तो नोटिशीतल्या फोडीशी रुपयाला रुपया जुळला तेव्हा सीए पहिल्यांदा हसले. नुसती ६,५०,००० ची बेरीज जुळून भागत नाही. आयजीएसटीचा फरक सीजीएसटीच्या बिलाने समजावून सांगितला तर अधिकारी तिथेच थांबतात.

पुण्याच्या बिलाचे ८,७५० आम्ही २० जुलैला डीआरसी-०३ ह्या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरले. व्याज १८ टक्के, २० जानेवारी २०२३ पासून ५४७ दिवसांचं, २,३६० रुपये. कर क्रेडिट लेजरमधून, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या जमेतून, चालतो, व्याज रोखच लागतं. हे लगेच भरण्यात एक साधा हिशेब होता. छाननीच्या टप्प्यावर, कलम ७३ ची कारणे दाखवा नोटीस येण्याआधी कर आणि व्याज भरलं तर दंड नाही. प्रकरण पुढे आदेशापर्यंत गेलं तर दंड कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार, ह्यातलं जे जास्त ते. पावणेनऊ हजारांच्या करावर दहा हजार दंड, असलं गणित कुणाला परवडतं?

उरलेल्या दोन बाबींसाठी पुरावे गोळा करायला आठ दिवस गेले, मध्ये आषाढी एकादशी आल्याने कोणी फोनवर भेटेना. हैदराबादसाठी क्रेडिट नोट, माल परत आल्याची बिल्टी, मे २०२३ च्या जीएसटीआर-१ चं पान आणि व्यापाऱ्याचं पत्र की त्याने तेवढं क्रेडिट उलटवलं आहे. विजयपूरसाठी रद्द ई-वे बिल, दुसरं बिल, एकच बिल्टी आणि बँकेत एकदाच आलेले पैसे. पण खरी धाकधूक वेगळीच होती. त्या पार्टीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे तिला पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, आमची दोन्ही बिलं दिसत होती. त्याने दोन्हीवर क्रेडिट घेतलं असतं तर आमच्या सगळ्या कागदांचा उपयोग नव्हता, सरकारच्या खिशातून ९,७५० गेलेच असते. फोन केला. तो म्हणाला, "माल एकदाच आला ना भाऊ, मग क्रेडिट दोनदा कसं घेईन?" त्याच्या सीएचा दाखला दोन दिवसांत आला.

२४ जुलैला उत्तर दाखल केलं. उत्तर दोन पानांचंच, प्रत्येक परिच्छेदाखाली जोडपत्राचा नंबर. प्रत्यक्ष भेटीत अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, रद्द बिल वेळेत का सुधारलं नाही. राहून गेलं, असं खरं ते सांगितलं. काही आठवड्यांनी एएसएमटी-१२ आला, उत्तर मान्य.

वर्षाची विक्री दोन कोटींच्या आत, म्हणून जीएसटीआर-९ हे वार्षिक विवरणपत्र भरायची सक्ती नाही, ह्याचा आम्हाला केवढा आनंद होता. ते भरायला बसलो असतो तर ह्या तिन्ही गोष्टी आम्हालाच दिसल्या असत्या. आता वहिनी ३बी भरायच्या दिवशी चिठ्ठी काढत नाहीत, तीन रकान्यांचं पान काढतात आणि दादाची सही घेतात. पोर्टलवर नंबर माझा आहे.

एक काम शिल्लक आहे. हैदराबादच्या क्रेडिट नोटेमुळे २०२३-२४ मध्ये उलटं चित्र आहे, जीएसटीआर-१ हा ३बी पेक्षा २,८०,००० ने कमी दिसतो. त्या वर्षाची छाननी कधी होईल सांगता येत नाही, म्हणून ताळमेळ पत्रकाची प्रत आणि एएसएमटी-१२ त्या वर्षाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलेत.