पाच लेव्हल, पाच लटा आणि एक मे महिना

आमच्या गेमची सगळी गोष्ट मे महिन्यातल्या एका दिवसात घडते. इतवारीतली भर दुपारची गल्ली, महालातल्या जुन्या वाड्याचं माजघर, फुटाळ्याची संध्याकाळ, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली रात्र आणि अजनीच्या रेल्वे यार्डातली पहाट, अशा पाच लेव्हल. ज्यानं नागपूरचा मे काढलाय त्याला मूड वेगळा समजावून सांगायची गरज नाही. ऊन पिवळट, धुळकट, डोळ्यांत जाणारं. आणि सावली म्हणजे कुलरच्या ओल्या वाळ्यामागची खोली, जरा हिरवट आणि गार. आर्टिस्टनं भिंतीवर खडूनं लिहूनच ठेवलं होतं, ‘उजेड तापलेला, सावली गार’. पाचही लेव्हलमध्ये हेच दिसायला हवं होतं.

ते आणायला आम्ही वापरली लट, म्हणजे लुकअप टेबल. नाव केसांच्या बटेचं वाटतं, पण काम कोष्टकाचं आहे. आत येणाऱ्या प्रत्येक रंगासमोर बाहेर जाणारा रंग लिहून ठेवलेला. आम्ही युनिटी या गेम इंजिनमध्ये युआरपी ही चित्र रंगवायची व्यवस्था वापरतो. तिथं लाल, हिरवा, निळा या प्रत्येक अक्षावर 32 टप्पे, म्हणजे एकूण 32768 रंग, 1024×32 पिक्सेलच्या एका पट्टीत मावतात. मधल्या रंगांची किंमत ग्राफिक्स कार्ड आजूबाजूच्या टप्प्यांवरून काढतं. काम स्वस्त आहे, मोबाइलवरही सहज चालतं.

आमची पहिली पद्धत सगळ्यांना सुचते तीच होती. आर्टिस्टनं प्रत्येक लेव्हलचा एक स्क्रीनशॉट घेतला, त्यावर हवा तसा रंग चढवला आणि प्रत्येकीची वेगळी लट केली. पाच लेव्हल, पाच लटा. एकेक चित्र बघितलं तर सुंदर. सलग खेळायला घेतलं तर पाच वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे पाच सिनेमे.

त्यात एक धक्काही होता. इतवारीच्या गल्लीतून वाड्यात शिरताना रंग हळूहळू बदलायला हवा होता. त्यासाठी दारात व्हॉल्यूम, म्हणजे ठराविक जागेपुरत्या रंगाच्या सेटिंग्ज, लावले होते आणि त्यांना ब्लेंड डिस्टन्स, म्हणजे जुनी सेटिंग नव्यात मिसळत जाण्याचं अंतर, दिलं होतं. पण उंबरठ्याच्या कितीतरी आधी चित्र एकदम फटकन बदलायचं. दोन दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी युनिटीच्या पॅकेजमधलं `VolumeParameter` उघडलं, तर तिथं हे सापडलं:

```
m_Value = t > 0f ? to : from;
```

आकड्यांसाठी खरं ब्लेंडिंग वेगळं लिहिलेलं आहे. लट ज्या चित्रात साठवतात त्या टेक्स्चरला मात्र हाच नियम लागतो, म्हणजे पुढच्या व्हॉल्यूमचा अंश जरी लागला तरी नवी लट लगेच पूर्ण बसते. लट किती लागावी हे सांगणारा `Contribution` हा आकडा सावकाश सरकतो, लट सरकत नाही. दोन लटा स्वतः मिसळून रेंडर टेक्स्चरमध्ये लिहिता येतात. 32768 पिक्सेल म्हणजे फुल एचडी फ्रेमच्या साठाव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे ते जडही नाही. मी ते लिहायला बसलोही होतो.

तेवढ्यात शेजारचे दादा आले. ते मुंबईला जाहिरातींचं डीआय करतात, म्हणजे रंग लावण्याचंच काम, आणि उन्हाळ्यात आठवडाभर घरी येतात. त्यांना पाचही लेव्हल सलग दाखवल्या. त्यांनी तर्री-पोह्याची प्लेट बाजूला ठेवली आणि विचारलं, “तुम्ही शॉट मॅच कुठं करून राहिले?”

आम्ही दोघं गप्प.

“अबे, आधी सगळे शॉट एका पातळीवर आणायचे. लुक मग. तुम्ही लुकमधीच मॅचिंग करून राहिले, म्हणून पाच लटा लागल्या.”

मग मी इतवारीचीच लट पाचही लेव्हलवर लावून पाहिली. इतवारी सगळी पिवळी दिसली. वाडा सगळा हिरवट. बाग तर शेवाळलेल्या विहिरीत पडल्यासारखी. लट एकच असून तीन मूड कसे, हे नीट कळायला मला एक रात्र लागली, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट तीच होती.

लटेला चित्र दिसत नाही. तिला फक्त एका पिक्सेलचा रंग दिसतो. ‘सावली गार, उजेड तापलेला’ हे तिच्या भाषेत असं होतं की 0 ते 255 मध्ये अमुक आकड्याच्या खाली हिरवट-निळं करा आणि वर पिवळं करा. आमच्या लटेत ही सीमा साधारण 95 वर होती. आता इतवारीत ऊन इतकं जोरात होतं की तिथली सावलीसुद्धा 95 च्या वर. वाड्यात इतका अंधार की खिडकीतून येणारा उजेडसुद्धा 95 च्या खाली. लट तिचं काम बरोबरच करत होती. आम्ही तिला दोन्ही बाजूंचा माल दिलाच नव्हता.

मग मोजणी सुरू केली. प्रत्येक लेव्हलमध्ये दोन गोळे ठेवले, 118, 118, 118 या करड्या रंगाचे; छायाचित्रकारांच्या 18 टक्क्यांच्या ग्रे कार्डाचाच हा आकडा आहे. गोळ्यांना चकाकी नाही. एक गोळा खेळणारा जिथं बघतो त्या उजेडात, दुसरा तिथल्याच सावलीत. लट बंद करून, टोनमॅपिंग, म्हणजे दृश्यातला प्रखर उजेड पडद्याच्या 0 ते 255 मध्ये बसवणं, चालू ठेवून, पडद्यावर गोळ्याच्या मध्यावरचा रंग वाचायचा.

इतवारीत उजेडातला गोळा सरासरी 205 आणि सावलीतला 132 निघाला. चित्राचा एकूण उजेड कमीजास्त करणारं `Post Exposure` −1.2 केलं तेव्हा ते साधारण 141 आणि 89 वर आले. वाड्यात 88 आणि 41 होते. +1 दिल्यावर 122 आणि 59 झाले. आता दोन्ही ठिकाणी एक गोळा सीमेच्या वर, एक खाली. हा बदल टोनमॅपिंगच्या आधी होतो, म्हणून इतवारीत आणखी एक फायदा झाला. चुन्याच्या भिंती आधी 255 ला टेकून सपाट झाल्या होत्या, त्यांच्यात पोपडे दिसायला लागले. `Color Lookup`, म्हणजे लट, टोनमॅपिंगच्या नंतर लागते. तिच्याकडे सगळे पिक्सेल 255 होऊन आले की तिला त्यातले पोपडे वेगळे काढता येत नाहीत.

“इतवारीतलं ऊन मेलं,” आर्टिस्ट कुरकुरला. पहिल्यांदा तसं वाटलं खरं. पण ऊन तीव्र वाटतं ते शेजारच्या सावलीमुळे, आणि ती सावली आता परत आली होती. तासाभरानं त्यानं स्वतःच कबूल केलं.

उजेडाची पातळी जुळली, मग रंग. इतवारीचा सूर्य आम्ही पिवळा ठेवला होता आणि लटही पिवळं ओतत होती, म्हणजे चहात साखर दोनदा. `White Balance` मधल्या टेम्परेचरनं करडा गोळा करड्याच्या जवळ आणला. बागेत मात्र मी हे पूर्ण केलं नाही. रात्रीचा निळेपणा सगळा काढला की दुपारच मंद केल्यासारखी दिसते, म्हणून लाल आणि निळ्यातला फरक साधारण एक तृतीयांश राहू दिला. याला सूत्र नाही, डोळ्यानंच ठरवलं. आणि बागेत एक्स्पोजर कितीही वाढवलं तरी उजेडातला गोळा 95 च्या वर जाईना, गेला तर सगळं धुरकट. तिथं आकडे सोडून दिले आणि झोपडीबाहेर एक कंदील टांगला. जिथं तापलेला उजेडच नाही तिथं लट तो कुठून आणणार!

मग एकच लट नव्यानं केली. एका मोठ्या फाइलमध्ये पाचही जुळवलेल्या लेव्हलचे पीएनजी स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले, खाली कोरी पट्टी, म्हणजे रंग जसेच्या तसे ठेवणारी लट, ठेवली आणि सगळ्यांवर एकाच ग्रुपमध्ये कर्व्ह, कलर बॅलन्स, सॅच्युरेशन. कर्व्ह हलवला की पाचही लेव्हल एकदम बदलताना दिसतात, त्यामुळे एकीच्या प्रेमात पडून बाकीच्यांचं वाटोळं होत नाही. शेवटी पट्टी बरोबर 1024×32 कापायची, आकार न बदलता, कलर प्रोफाइलचं रूपांतर न करता. या ग्रुपमध्ये `Shadows/Highlights` किंवा शार्पनिंगसारखं शेजारचे पिक्सेल बघणारं काही चालत नाही. ते स्क्रीनशॉटवर छान दिसतं, पण पट्टीवर त्याचे शेजारी वेगळे असतात, म्हणून गेममध्ये भलतंच निघतं. पहिल्या पाच लटांपैकी दोन अशाच बिघडल्या होत्या.

नायकाच्या डोक्याला बांधलेल्या नारिंगी दुपट्ट्यानं सगळ्यात जास्त छळलं. (मे महिन्यात बागेत संत्री नसतात, नागपूरकर लगेच पकडतील, नारिंगी रंग कुठून तरी आणायचा होता.) पिवळेपणाच्या ओघात दुपट्टा धुळीतच मिसळून जायचा. लट तिन्ही रंग एकत्र बघून ठरवते, त्यामुळे बाकी न हलवता फक्त नारिंगी तेवढा राखता येतो. मात्र टप्प्याटप्प्यात आठेक आकड्यांचं अंतर असतं. आम्ही निवड फारच अरुंद केली तेव्हा दुपट्ट्याच्या घड्यांवर डाग उमटले. निवडीच्या कडा पसरट केल्यावर ते गेले.

युनिटीत आता `Color Lookup` फक्त एका ग्लोबल व्हॉल्यूममध्ये आहे. लेव्हलच्या व्हॉल्यूममध्ये केवळ आकडे, आणि आकडे सावकाश सरकतात. वाड्याच्या दारातला धक्का गेला. माझं लट मिसळणारं कोड अर्धवटच राहिलं, ते मी पुसून टाकलं.

फोनवर टाकलं तर पहाटेच्या आभाळात चौकोनी ठिगळं. टेक्स्चरवर `sRGB` चुकून चालू राहिलं किंवा आकार चुकला तर युनिटी इशारा देते आणि लट लावतच नाही. कॉम्प्रेशनबद्दल मात्र काहीच बोलत नाही. अँड्रॉइडसाठी आमची पट्टी गुपचूप दाबली जात होती. कॉम्प्रेशन `None` केलं. तेव्हापासून दर बिल्डला आधी कोरी पट्टी लावून `Contribution` 0 आणि 1 करून बघतो; दोन्ही चित्रांत फरक दिसला तर पट्टी वाटेत कुठंतरी खराब झाली असं समजायचं. आभाळात बारीक पट्टे तरीही उरले होते, ते कॅमेऱ्याचं `Dithering` चालू केल्यावर बरेच मिटले.

जूनमध्ये सहावी लेव्हल आली, सीताबर्डीचा बाजार, पहिल्या पावसाआधीची संध्याकाळ. दोन गोळे ठेवले, 151 आणि 102. −0.4 दिलं, टेम्परेचर थोडं खाली आणलं. आर्टिस्टनं पाहिलं आणि म्हणाला, “उकाडा होऊन राहिला बे.” मग गोळे काढले.