एरँगल डायरी: पोचिंकी सोडल्यावरचे वीस सामने

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये माझे वीसपैकी तेरा सामने पहिला झोन, म्हणजे सुरक्षित वर्तुळ, आवळायच्या आतच संपतात. या वेळी पुन्हा वीस मोजले, सगळे एरँगल नकाशावर, सगळे ड्युओ म्हणजे दोघांच्या जोडीने. लवकर मेलो ते चार. नेम तसाच वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बदललं ते उतरण्याचं ठिकाण आणि घड्याळ बघण्याची सवय.

आधी मी विमानाची रेषा बघायचोच नाही. मधलं पोचिंकी गाव दिसलं की उडी. तिथे सगळ्यांना तीच घरं हवी असतात, त्यामुळे तुम्ही छतावर टेकता तेव्हा शेजारच्या छतावरचा माणूस बंदूक उचलून वळलेला असतो. आता नकाशावरचे चौकोन मोजतो. मोठा चौकोन म्हणजे एक किलोमीटर, आणि एरँगल आठ बाय आठ. रेषेपासून दीड-दोन चौकोन लांबचं गाव धरतो. उडी मारल्यावर नाक खाली न घालता आडवं तरंगत गेलं की तिथवर पोचता येतं. मान फिरवून आजूबाजूच्या छत्र्या मोजायच्या. आपल्याच गावाकडे दोनपेक्षा जास्त जोड्या येताना दिसल्या तर गाव सोडून रस्त्याकडेच्या तीन-चार घरांवर उतरायचं. लूट कमी मिळते, पण ती उचलायला आपण जिवंत असतो.

बाराव्या सामन्यात विमान जॉर्जोपोलकडून मिल्टाच्या दिशेने गेलं. पार्टनर नेहमीसारखा कुरकुरला, "अरे पोचिंकी घे ना, लिपोव्काला चिटपाखरूही नसतं." आम्ही पूर्व किनाऱ्यावर लिपोव्काला उतरलो. पहिल्या घरात मला यूएमपी मिळाली आणि मी ती मुकाट्याने उचलली. पूर्वी मी एम४१६ शोधत चार घरं रिकाम्या हाताने फिरायचो. आता क्रम ठरलेला आहे: गोळ्यांसकट कुठलीही बंदूक, मग व्हेस्ट आणि हेल्मेट, मग औषधं. स्कोप, ग्रिप वगैरे दागिने वाटेत मिळाले तर घ्यायचे, त्यांच्यासाठी वाट वाकडी करायची नाही.

औषधांबाबत माझी एक चूक जुनी होती. फर्स्ट एड किट तब्येत ७५ टक्क्यांपर्यंतच नेते, तरी मी किट साठवायचो आणि एनर्जी ड्रिंक पडलेलं तसंच सोडायचो. वरची भर ड्रिंक आणि पेनकिलरनेच हळूहळू होते. आता दोन-तीन किट आणि चार-पाच ड्रिंक झाले की मी शोध थांबवतो. रायफल मिळाली की तिच्याच जातीच्या दीडशेच्या आसपास गोळ्या ठेवतो, बाकीच्या पार्टनरला देतो. आणि निदान दोन स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड. बॅग भरली की पहिल्या जास्तीच्या गोळ्या जातात, स्मोक कधीच नाही.

तर लिपोव्का. झोन आला तो गात्का आणि पोचिंकीच्या बाजूला. त्याची जवळची कड आमच्यापासून दोन चौकोन. बंदूक पाठीवर टाकून धावलं तर एका चौकोनाला साधारण पावणेतीन मिनिटं लागतात (हातात रायफल धरून धावलं तर आणखी जास्त), म्हणजे साडेपाच मिनिटं. घड्याळात उरली होती चार. पार्टनरला अजून दोन घरं लुटायची होती. मी ओरडलो, "राहू दे, गाडी बघ." रस्त्यावर डॅशिया सापडली. झोनबाहेरचा निळा भाग सुरुवातीला फार दुखवत नाही, पुढचे झोन मात्र भराभर जीव खातात. खरा धोका वेगळाच असतो. उशिरा धावत येणारा माणूस उघड्यावर असतो, आणि आत बसलेले त्याच कडेकडे तोंड करून बसलेले असतात.

आम्ही पोचिंकीत घुसलो नाही. तिच्या पूर्वेकडच्या टेकाडामागे गाडी उभी केली आणि झोनच्या आत जेमतेम शंभर मीटरवर थांबलो. पाठीला निळी भिंत असली की मागून कोणी येण्याची शक्यता कमी होते. कमी, शून्य नाही. दोन मिनिटांनी एक बग्गी मागूनच आली, पण तिचा आवाज आधी कळला. त्यातला एक नॉक झाला, दुसरा पळाला. पुढच्या प्रत्येक झोनला हेच केलं: नवं पांढरं वर्तुळ दिसलं की आधी चौकोन मोजायचे, मग निघायची वेळ ठरवायची.

सामना सातव्या क्रमांकावर संपला. शेवटच्या झोनांत सपाट शेत लाभलं आणि मी एकुलता एक उरलेला स्मोक पायाशीच फोडून आंधळा झालो. तो समोर, शत्रू आणि आपल्या मधे फेकायचा असतो, हे पार्टनरने फार सभ्य नसलेल्या शब्दांत सांगितलं.

त्या चार लवकरच्या मरणांपैकी तीन एकाच प्रकारची आहेत. शांत गावात उतरलो, शेवटच्या घराचं दार उघडं दिसलं, तरी आत गेलो. सुरुवातीला सगळी दारं बंद असतात, म्हणजे उघडं दार कुणाच्या तरी हातचं. पुढच्या वीस सामन्यांत याचा रकाना वहीत वेगळा मांडणार आहे.