थांबलेली पृथ्वी सूर्यावर किती दिवसांत पडेल? t नसलेल्या समीकरणाचा माझा अनुभव

समजा, पृथ्वी तिच्या कक्षेत फिरता फिरता एकदम थांबली. बाजूला जाण्याचा वेग शून्य झाला, की ती सरळ सूर्याकडे पडू लागणार. पोचायला किती दिवस लागतील? या प्रश्नाचं उत्तर दोन इंटिग्रेशनमध्ये मिळतं. मी मात्र त्यात बराच काळ रमलो, कारण उत्तर मिळाल्यावर याच रीतीतून एक खोटं उत्तरही निघतं हे लक्षात आलं, आणि ते कुठून येतं हे समजेपर्यंत मला वही मिटवता येईना.

सूर्य जागचा हलत नाही असं धरू. सूर्यापासूनचं अंतर r, सुरुवातीचं अंतर R. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून समीकरण असं:

r'' = −k/r²

सुरुवातीला r = R आणि r' = 0. k मध्ये सूर्याचं वस्तुमान आणि गुरुत्वीय स्थिरांक दोन्ही आले.

हे समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं आहे आणि रेषीय नाही, त्यामुळे सवयीच्या रीती इथे लागू पडत नाहीत. पण त्यात एक सोय आहे: उजवीकडे r आहे, t कुठेच नाही. पृथ्वी सोमवारी पडली काय आणि गुरुवारी पडली काय, नियम तोच. वेळ हा स्वतंत्र चल असूनही समीकरणात उघडपणे दिसत नसेल, तर वेगाचं प्रतिस्थापन करायचं.

r' = v एवढंच लिहून थांबलं तर हाती काही लागत नाही. v' = −k/r² मिळतं, ज्यात v, r आणि t असे तिघं जण असतात आणि समीकरण एकच. खरी युक्ती पुढची आहे. वेगाकडे वेळेचं फलन म्हणून पाहायचं सोडून अंतराचं फलन म्हणून पाहायचं: 'इतक्या वाजता किती वेग' याऐवजी 'इतक्या अंतरावर किती वेग'. मग चेन रूलने

r'' = dv/dt = (dv/dr)(dr/dt) = v dv/dr

आणि वेळ समीकरणातून बाहेर गेली. उरलं ते v आणि r मधलं पहिल्या ऑर्डरचं समीकरण, तेही चल वेगळे करता येतील असं:

v dv/dr = −k/r²

दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन केलं की v²/2 = k/r + C. सुरुवातीला r = R असताना v = 0, म्हणून C = −k/R. म्हणजे

v² = 2k(1/r − 1/R)

स्थिरांक इथेच, पहिल्या इंटिग्रेशननंतर लगेच, काढून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. C तसाच पुढे नेला, तर दुसरं इंटिग्रेशन उगाच तीन शक्यतांमध्ये फुटतं: C ऋण, शून्य आणि धन. भौतिक अर्थाने त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला त्यातली एकच हवी आहे.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला हे दाखवलं. तो म्हणाला, "अरे, ही तर ऊर्जेची अक्षय्यता! सरळ तिथूनच सुरुवात करायची ना." खरं आहे. v dv/dr चं इंटिग्रेशन v²/2 म्हणजे एकक वस्तुमानाची गतिज ऊर्जाच. पण वाटेत विरळ वायू असता आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अवरोध झाला असता, तर ऊर्जा टिकली नसती आणि मित्राची वाट बंद झाली असती. प्रतिस्थापन मात्र चाललं असतं: v dv/dr = −k/r² + bv² मध्ये v² ला w म्हटलं, की w साठी साधं रेषीय समीकरण मिळतं. रीत अडते ती t स्वतः समीकरणात शिरल्यावर, उदाहरणार्थ सूर्याचं वस्तुमान दिवसागणिक बदलतंय असं धरलं तर.

आता वर्गमूळ. पृथ्वी सूर्याकडे येतेय, r कमी होतोय, म्हणून ऋण मूळ घ्यायचं:

dr/dt = −√(2k(R − r)/(rR))

चल वेगळे केले की √(r/(R − r)) चं इंटिग्रेशन समोर येतं. इथे r = R cos²θ घेतलं की सगळं सरळ होतं. वर्गमूळातून cosθ/sinθ बाहेर येतं, dr मधून −2R cosθ sinθ dθ येतं, sinθ कटतं आणि ऋण चिन्हंही एकमेकांना खातात:

t = √(R³/2k) · (θ + sinθ cosθ)

सुरुवातीला θ = 0. सूर्याच्या केंद्रापाशी r = 0, म्हणजे θ = π/2, आणि एकूण वेळ (π/2)√(R³/2k).

k ची किंमत शोधायची गरजच नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. वर्तुळाकार कक्षेचा काळ T = 2π√(R³/k), आणि तो आपल्याला माहीत आहे: एक वर्ष. भागाकार केला की पडण्याचा वेळ T/(4√2) निघतो. ३६५.२५ भागिले ५.६५७, म्हणजे साधारण ६४.६ दिवस.

मधला टप्पाही पाहण्यासारखा आहे. अर्धं अंतर कापलं तेव्हा θ = π/4, आणि कंसातली बेरीज १.२८५ येते, पूर्ण प्रवासाची १.५७१. म्हणजे पहिल्या अर्ध्या अंतराला जवळपास ५३ दिवस लागतात आणि उरलेलं अर्धं १२ दिवसांच्या आत संपतं.

उत्तर आलं. आता पडताळा म्हणून मी हाच पहिल्या ऑर्डरचा निष्कर्ष कॉम्प्युटरला दिला. k आणि R दोन्ही १ धरले, म्हणजे पडायला एकूण १.११ एवढा वेळ हवा आणि t = 1 ला r साधारण ०.३५ यायला हवा.

```python
r, dt = 1.0, 0.001
for i in range(1000):
    r -= dt * (2*(1/r - 1))**0.5
print(r)
```

छापून आलं 1.0. पृथ्वी जागची हललीच नाही. पायरी कितीही लहान करा, फेऱ्या कितीही वाढवा, r १ लाच चिकटून राहतो.

प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. r = R असताना वर्गमूळाखाली शून्य येतं, म्हणून वेग शून्य, म्हणून पुढच्या पायरीलाही r = R. आणि वहीवर तपासलं तर 'r कायम R' हे उत्तर पहिल्या ऑर्डरच्या समीकरणात खरोखर बसतं! डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. पण मूळ समीकरणात ते टाका: r'' = 0 आणि उजवीकडे −k/R². बसत नाही. म्हणजे आपण ज्या समीकरणापासून निघालो त्याचं हे उत्तर नव्हेच. ते वाटेत कुठेतरी आत शिरलं.

कुठे, ते मूळ समीकरण वेगाने गुणून पाहिलं की उघड होतं. v²/2 − k/r स्थिर आहे असं म्हणणं म्हणजे त्याचं वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह शून्य आहे असं म्हणणं, आणि ते डेरिव्हेटिव्ह असं आहे:

v · (r'' + k/r²) = 0

कंस शून्य असला तरी हे खरं, आणि v शून्य असला तरीही खरं. आपल्याला फक्त कंस हवा होता. v हे r चं फलन आहे असं म्हणताना आपण गुपचूप धरून चाललो होतो की वेग शून्य नाही, आणि आपला प्रश्न सुरू होतो तोच नेमका शून्य वेगाने.

सुरुवातीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं तर प्रकार आणखी स्पष्ट होतो. किती खाली आलो ते s = R − r मानू. s लहान असताना समीकरण s' = √(2g)·√s असं होतं, जिथे g = k/R² हे सुरुवातीचं त्वरण. याचं एक उत्तर s = ½gt², शाळेपासून ओळखीचं. दुसरं s = 0. आणि तेवढ्यावर संपत नाही: हव्या तितक्या वेळ s = 0 वर थांबायचं आणि मग मनाला येईल तेव्हा ½gt² च्या चालीने सुटायचं, हेसुद्धा बसतं. √s चा चढ शून्यापाशी अनंत होतो, त्यामुळे एका सुरुवातीला एकच उत्तर असण्याची हमी तिथे उरत नाही. मूळ दुसऱ्या ऑर्डरच्या समीकरणात ती हमी शाबूत आहे, कारण r = R पाशी −k/r² अगदी गुळगुळीत आहे.

म्हणून वेग शून्य होणारी जागा आली की मी दर वेळी एक गोष्ट करतो: तिथे मूळ समीकरणाकडे परत जाऊन r'' पाहतो. r'' शून्य नसेल, तर वस्तू तिथे थांबूच शकत नाही आणि स्थिर उत्तर खोटं. r'' शून्य असेल, तर ती समतोलाची जागा, आणि स्थिर उत्तर खरं. झोक्याच्या टोकाला लंबक क्षणभर थांबतो ती पहिल्या प्रकारची जागा. शिवाय तिथे वर्गमूळाचं चिन्हही बदलावं लागतं, कारण परतीच्या वाटेवर त्याच जागी वेग उलट्या दिशेने असतो.

उलटा प्रकारही घडतो. y y'' = (y')² मध्ये y' = p घेतलं की p(y dp/dy − p) = 0 येतं. घाईत p ने भागलं तर p = 0, म्हणजे 'y कायम स्थिर' हे उत्तर हातचं जातं, आणि इथे तर ते अस्सल असतं. नशिबाने y = Ae^(Bx) या सामान्य उत्तरात B शून्य ठेवला की ते परत सापडतं. प्रत्येक समीकरण इतकं उदार नसतं.

प्रोग्रॅमकडे परत येतो. सुरुवात r = 0.999999 ने केली, की पृथ्वी लगेच पडू लागते आणि t = 1 ला आकडा ०.३५ च्या जवळपास येतो. चालतं, पण मला ते ठिगळ वाटतं. त्यापेक्षा r आणि v दोन्ही वेगळे ठेवून मूळ r'' = −k/r² च पायरीपायरीने चालवावं. तिथे सुरुवातीचा शून्य वेग काही त्रास देत नाही, आणि v²/2 − k/r दर पायरीला किती ढळतंय ते पाहून पायरी पुरेशी लहान आहे की नाही हेही कळतं.

दुसऱ्या टोकाला, r = 0 पाशी, सूत्र वेग अनंत सांगतं. सूर्य बिंदू नाही. त्याची त्रिज्या जवळपास ७ लाख किलोमीटर आहे आणि पृथ्वीचं अंतर १५ कोटी. पृष्ठभागावर आदळताना सूत्रातून वेग सेकंदाला सुमारे ६१६ किलोमीटर निघतो. पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचा, प्रत्यक्षात न घडणारा तुकडा सूत्राच्या हिशेबात सुमारे साडेबारा मिनिटांचा आहे, म्हणून ६४.६ दिवसांतला शेवटचा अंकही त्याने बदलत नाही.