४९८अ वरचा लेख, पेन्सिल घेऊन

रविवार, रात्र

आज दुपारभर एका लॉ जर्नलमधला लेख वाचत बसले, विषय ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला दिलेल्या क्रूर वागणुकीविरुद्धचं कलम, त्याचा गैरवापर. (आता ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५-८६ झालंय पण सगळे अजून ४९८अ च म्हणतात.) लेखकाचं म्हणणं असं की अटकेवर अंकुश हवा आणि शिवाय हा गुन्हा जामीनपात्र करायला हवा. एका दमात वाचलं की दोन्ही पटतं, कारण दोन्हींच्या खाली पाया एकच दिसतो, सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार वि. बिहार राज्य, २०१४ हा निकाल.

म्हणून मी मूळ निकाल काढला आणि लेखातल्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलने खूण करत गेले, हे वाक्य कायदा काय म्हणतो ते सांगतंय की जगात काय घडतं ते सांगतंय. पहिल्या प्रकारचं वाक्य तपासायला कलम आणि निकाल पुरतात, दुसऱ्याला आकडा लागतो, आणि तो आकडा कुठून आला ते बघावं लागतं.

अर्नेश कुमारचा गाभा पहिल्या प्रकारचा आहे. सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५ झालंय, ते सांगतं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसती तक्रार आली म्हणून पोलिसांनी अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवायचं, आणि मॅजिस्ट्रेटनेही ते बघूनच कस्टडी द्यायची. ४९८अ ला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे ते आपोआप यात बसतं. निकालातले सगळे आकडे खोडून टाकले तरी हा युक्तिवाद उभा राहतो, कारण कोर्टाने स्वतःच म्हटलंय की हे निर्देश सात वर्षांपर्यंतच्या सगळ्या गुन्ह्यांना लागू आहेत. हे खोडून बघणं मला फार उपयोगी वाटतं, मी आता प्रत्येक लेखाला करते.

पण जामीनपात्र करा ही मागणी आकडे खोडले की कोसळते, ती पूर्णपणे ‘बहुतेक केसेस खोट्या असतात’ यावर टेकलेली आहे. त्याला पुरावा काय दिलाय तर निकालात आलेले एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, २०१२ चे आकडे, चार्जशीट ९३.६ टक्के आणि कन्व्हिक्शन रेट १५ टक्के, आणि पेंडिंग ३,७२,७०६ केसेसपैकी ३,१७,००० मध्ये निर्दोष सुटका होईल असा अंदाज. हा शेवटचा आकडा लेखात वस्तुस्थिती म्हणून आलाय! गुणाकार करून बघा, ३,७२,७०६ चे ८५ टक्के म्हणजे जवळजवळ तेवढेच येतात, म्हणजे निकाल लागलेल्या केसेसचं प्रमाण न लागलेल्यांवर जसंच्या तसं चिकटवलंय. आणि सुटका म्हणजे तक्रार खोटी हे तर त्यात कुठेच सिद्ध होत नाही. माझी एक मैत्रीण फौजदारी प्रॅक्टिस करते, ती म्हणाली, ‘‘अगं, सेटलमेंट झाली की बायको साक्षीला येऊन काही आठवत नाही म्हणते, केस सुटते.’’ पोलिसांनी खोटी म्हणून बंद केलेली प्रकरणं एनसीआरबी वेगळी मोजते, तो रकाना लेखात आलाच नाहीये.

आणि मग लेखकाने दिलेल्या ‘केसेस’. तळटीपेत लिहिलंय की ऑनलाइन डेटाबेसवर ४९८अ आणि मिसयूज हे दोन शब्द एकत्र टाकून हायकोर्टाचे निकाल गोळा केले. ज्या निकालात जजने गैरवापर हा शब्द वापरला तेच निकाल उचलायचे आणि मग म्हणायचं की बघा कोर्टांना गैरवापर दिसतोय, याने काय कळणार? त्यातही बरेचसे सीआरपीसी कलम ४८२ खालचे क्वॅशिंगचे, म्हणजे एफआयआर किंवा खटला रद्द करा अशा अर्जांवरचे आहेत, तिथे आरोपीच वकील लावून हायकोर्टात गेला. सुप्रीम कोर्टाच्या ग्यान सिंग वि. पंजाब राज्य, २०१२ या निकालानंतर नवरा-बायकोत तडजोड झाली म्हणूनही एफआयआर रद्द होतो, तिथे तक्रार खरी की खोटी यावर कोर्ट बोलतच नाही. लेखात ते तडजोडवाले निकालही याच ढिगात टाकलेत, मी तीन-चार उघडून बघितले आणि मला खरंच राग आला, कारण त्या प्रत्येक ओळीमागे एक बाई आहे जिने काहीतरी ठरवून तडजोड केली असणार.

मिसयूज शब्द काढून तोच सर्च केला की क्वॅशिंग नाकारलेले निकालही लगेच समोर येतात, ज्यात मारहाणीच्या नेमक्या तारखा आहेत, मेडिकल पेपर आहेत, आणि कोर्ट म्हणतं ट्रायल होऊ दे. लेखात असा एकही नाही.

सुप्रीम कोर्टाच्या सुशील कुमार शर्मा, २००५ या निकालातला ‘लीगल टेररिझम’ हा शब्दही त्याने उचललाय, पण त्याच निकालात कोर्टाने कलम घटनाबाह्य ठरवायला नकार दिला होता, गैरवापर होऊ शकतो एवढ्यावरून कायदा पडत नाही असं सांगून. ते वाक्य गाळलंय.

उद्या स्टडी ग्रुपला सांगणार आहे की कलम ४१ चा भाग ठेवूया, तो चांगला लिहिलाय. जामीनपात्र करण्याचा भाग मात्र सध्या बाजूला, एका जिल्ह्यातल्या एका वर्षात नोंदवलेल्या सगळ्या केसेस घेऊन प्रत्येकीचं पुढे काय झालं हे कुणी दाखवेपर्यंत.