दाणे कुणाचे?

"दोघं मिळून व्हिडिओ करतोय. स्क्रिप्टमध्ये वाक्यं दोघांत अगदी सारखी वाटून घेतलीत, तरी एक जण पाहुण्यासारखा वाटतो आणि बोलणं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना झटका बसतो. असं का?"

आमच्याही पहिल्या स्क्रिप्टमध्ये दोघांना वीस-वीस वाक्यं होती. विषय होता रात्री फोनवर फोटो काढण्याचा. मैत्रीण फोटो काढते, मी एडिटिंग शिकवतो. शूट झाल्यावर पाहिलं तर माझ्या वीसपैकी तेरा वाक्यं "अच्छा", "मग काय करायचं?" अशी होती. सांगण्यासारखं सगळं तिच्याकडे, मी नुसता मान डोलावणारा.

तेव्हापासून मी प्रत्येक वाक्यापुढे खूण करतो: माहिती, प्रश्न की होकार. तोल बघायचा तो माहितीच्या वाक्यांचा. आणि तोही वाक्यं मोजून नाही, तर मोठ्याने वाचून, स्टॉपवॉच लावून. ती भरभर बोलते, मी थांबत थांबत. सारख्याच शब्दांना मला जास्त वेळ लागतो.

झटक्याचं कारण मात्र वेगळं. आम्ही लिहिलं होतं: "तर हे झालं फोटो काढण्याचं. आता एडिटिंगबद्दल तू सांग." इथे तिचा विषय संपतो, आवाज खाली येतो, मग मला शून्यातून सुरुवात करावी लागते. पाहणाऱ्यालाही उठून जायला हीच जागा सोयीची. म्हणून बोलणं सोपवायचं ते विषय संपल्यावर नाही, अडचण उघडी असताना. ती जागा आम्ही अशी बदलली:

ती: "फोन भिंतीला टेकवून काढला, हात हलला नाही. तरी आकाशात हे रंगीत दाणे आलेच."

मी: "हे दाणे सगळेच घालवू नकोस. नॉइज रिडक्शन पूर्ण ओढलंस तर भिंतीचा खरखरीतपणाही पुसला जाईल."

"दाणे" हा शब्द तिच्याकडून माझ्याकडे आला, आणि त्याचं उत्तर माझ्याच कामात आहे. "आता तू सांग" म्हणायची गरजच उरली नाही. बोलणं सोपवण्याचं वाक्य लिहिताना मी उलटा जातो: आधी माझं पहिलं वाक्य, मग त्याला लागणारी अडचण तिच्या तोंडी.

शूटच्या वेळी बाकी सगळं आपल्या शब्दांत बोलायचं, पण सोपवण्याचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं. ते बदललं की समोरचा वाट बघत राहतो, नाहीतर मध्येच बोलतो. दोन आवाज एकमेकांवर चढले की एडिटिंगमध्ये तिथे स्वच्छ कापता येत नाही.

दोघं वेगवेगळ्या ठिकाणी शूट करणार असाल, तर आधी समोरच्याच्या शेवटच्या वाक्याचं रेकॉर्डिंग मागवून घ्या. ते इअरफोनमध्ये ऐकायचं, आणि ते संपलं की त्याच चढाने आपलं वाक्य सुरू करायचं. नुसतं कागदावर वाचून बोललो की माझा आवाज दर वेळी नव्या व्हिडिओची सुरुवात केल्यासारखा येतो.