पाऊसवही: तरण्याची सरासरी आणि AVERAGEIFS

खानापूर तालुक्यातल्या आमच्या परसातलं पर्जन्यमापक अजून जागेवर आहे. रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं, नळी रिकामी करायची आणि आकडा एक्सेलमध्ये टाकायचा, एवढंच काम. वेळ साडेआठचीच धरतो, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. यंदा एक रकाना वाढवला, नक्षत्राचा. आमच्याकडे जुलैच्या पावसाबद्दल कोण तारखेनं बोलतो? 'तरणा बरा लागला', 'म्हाताऱ्यानं दगा दिला' असंच ऐकू येतं. म्हणून नक्षत्रवार सरासरी काढायची ठरवली. पुनर्वसू म्हणजे तरणा आणि पुष्य म्हणजे म्हातारा, हे घाटापलीकडच्या वाचकांसाठी.

भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे सहा तारखेला नक्षत्र बदललं, म्हणून सात जुलैच्या सकाळचं माप मी तरण्यातलं पहिलं धरलं. दहा दिवसांत वही अशी झाली:

```
A        B         C      D
7 जुलै    12        तरणा
8 जुलै    0         तरणा
9 जुलै    31.5      तरणा
10 जुलै   भुरभुर     तरणा
11 जुलै             तरणा
12 जुलै   40        तरणा   दोन दिवसांचा
13 जुलै   8         तरणा
14 जुलै   64 मिमी   तरणा
15 जुलै   1.5       तरणा
16 जुलै   0         तरणा
```

यातला शून्य म्हणजे माप घेतलं, पाऊस नव्हता. कोरा म्हणजे मापच घेतलं नाही. अकराला आम्ही पाहुण्यांकडं होतो. भुरभुर म्हणजे नळी ओली, पण मोजण्याएवढं पाणी नाही. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि वहीत वेगळ्याच दिसायला हव्यात. गेल्या साली सरासरी सुधारायची म्हणून मी शून्यं पुसून टाकली होती. मग दिवाळीत वही उघडली तर कोरडा दिवस कुठला आणि चुकलेला दिवस कुठला, काही केल्या उमगेना. आकडे जसेच्या तसे ठेवायचे आणि गाळायचं काम सूत्रावर सोडायचं, हे यंदाचं धोरण.

पहिला प्रयत्न:

```
=AVERAGEIFS(B$2:B$123, C$2:C$123, "तरणा")
```

ज्याची सरासरी काढायची तो रकाना इथं पहिल्यांदा येतो, मग अटींच्या जोड्या. जुन्या AVERAGEIF मध्ये तो शेवटी येतो. ती सवय हाताला असली की इथं हमखास उलटंसुलटं होतं. १२३ पर्यंत ओळी, कारण जून ते सप्टेंबर १२२ दिवस आणि वर एक मथळा. दोन्ही रकान्यांची लांबी सारखीच लागते. एक १२४ पर्यंत गेला तर #VALUE! दाखवतो.

उत्तर आलं १३.२९. कोरा चौकोन आणि मजकूर हे सूत्र आपणहून सोडतं, पण शून्य हा त्याच्या लेखी चांगला धडधाकट आकडा आहे. म्हणून ९३ मिमी सात दिवसांत वाटले गेले. रोजी सरासरी किती, या प्रश्नाचं हे उत्तर. मला हवं होतं ते वेगळं: पडतो त्या दिवशी किती पडतो? त्यासाठी तोच B रकाना अट म्हणून पुन्हा दिला:

```
=AVERAGEIFS(B$2:B$123, C$2:C$123, "तरणा", B$2:B$123, ">0")
```

१८.६ आले. सूत्र बरोबर, तरी मनाला पटेना. चौदा तारखेला अंगणात घोट्याएवढं पाणी होतं आणि तरण्याची सरासरी एवढीशी? मजकूर किती चौकोनांत आहे ते मोजलं:

```
=COUNTIFS(B$2:B$123, "*", C$2:C$123, "तरणा")
```

एकटी भुरभुर असायला हवी होती, आले दोन. दुसरा चौकोन भाच्याचा, '64 मिमी'. त्या दिवशी मी बेळगावला होतो, नोंद त्यानं केली. विचारलं तर म्हणतो, "मामा, मिमी घातलो की मी. नुसतं चौसष्ट वाचून कुणाला काय कळणार?" बाकीच्यांना कळेलही, पण एक्सेलच्या दृष्टीनं तो शब्द झाला, आणि शब्द ते मुकाट्यानं सोडून देतं. चूक दाखवत नाही, लाल करत नाही. पंधरवड्यातला सगळ्यांत मोठा पाऊस हिशेबातून गेला आणि उत्तर मात्र शहाण्यासारखं दिसत राहिलं. खूण एवढीच की आकडा उजवीकडं सरकतो, मजकूर डावीकडं. रकाना मधोमध ओळीत लावला असेल तर तीही जाते. मी हौसेनं मधोमध लावला होता.

चौसष्ट नीट केल्यावर २६.१७ झाले. मग बारा तारखेचे ४० खटकले. ते एका दिवसाचे नाहीतच, अकराचं पाणी त्यातच आहे. एकूण पावसात ते धरायचे, तिथं SUM ला काही अडचण नाही; पण दिवसाच्या सरासरीत ते खोटे पडतात. D रकान्यात शेरा होताच, तीच तिसरी अट केली. आणि शून्याच्या वर म्हणण्याऐवजी हवामान खात्याची पावसाळी दिवसाची व्याख्या घेतली, म्हणजे २.५ मिमी किंवा जास्त:

```
=AVERAGEIFS(B$2:B$123, C$2:C$123, "तरणा",
  B$2:B$123, ">=2.5", D$2:D$123, "<>दोन दिवसांचा")
```

१२, ३१.५, ८ आणि ६४ एवढे चारच उरले, ११५.५ भागिले ४, म्हणजे २८.९. शेऱ्याचे कोरे चौकोन "<>" च्या अटीत बसतात, त्यामुळं बाकीच्या दिवसांपुढं काही लिहावं लागत नाही. शेरा मात्र अक्षरशः तसाच हवा. एकदा 'दोन दिवसांचा' च्या मागं एक रिकामी जागा पडली आणि ते ४० पुन्हा आत शिरले. आता C आणि D दोन्हींना निवडयादी लावली आहे, हातानं टाइप करायचंच नाही.

नक्षत्रांच्या सारांशात म्हाताऱ्यापुढं सध्या #DIV/0! आहे, कारण त्याचा एकही दिवस अजून नाही. त्याला IFERROR लावताना शेवटी 0 देऊ नका, "" द्या. नाहीतर सारांशाची सरासरी काढायला गेलात की ज्या शून्याला दारातून हाकललं ते खिडकीतून आत.

अथणीच्या मित्रानं त्याचे दहा दिवस पाठवले. आठ कोरडे, एक १८ चा आणि एक ३४ चा. रोजी सरासरी ५.२, म्हणजे आमच्या जवळपासही नाही. पण पावसाळी दिवसाची सरासरी २६. आमच्या २८.९ शेजारी ती ठेवली तर कनकुंबीच्या बाजूचं खानापूर आणि पूर्वेची अथणी जवळजवळ सारखीच वाटतील! त्यानं लगेच फोन केला, "बघ, आमच्याकडं पण पडतो." दोन दिवस पडलाय रे बाबा. म्हणून सरासरीच्या शेजारी त्याच अटींचा एक COUNTIFS कायमचा घातला आहे. आमच्या ओळीत तिथं ४ दिसतं, त्याच्या ओळीत २.