मीठ, व्हिनेगर आणि टबातली भाजी

आमच्याकडे भाजी आली की आधी टबात जाते, मूठभर मीठ, वर दोन चमचे व्हिनेगर, आणि अर्ध्या तासाने आई टबाकडे बोट दाखवून म्हणते, बघ, किती औषध निघालं! पाणी खरंच गढूळ असतं, तळाला गाळ असतो, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. पण गाळ म्हणजे माती हो. फवारणीचं औषध भाजीवर असलंच तर ते डोळ्यांना दिसण्याइतकं नसतंच, त्यामुळे पाणी काळं झालं काय नि स्वच्छ राहिलं काय, त्यावरून काहीच कळत नाही.

मला शंका आली ती फ्लॉवरच्या पानावरून. पान टबात बुडवलं तर पाण्याखाली ते चक्क चांदीसारखं चमकायला लागलं, बाहेर काढलं तर जवळजवळ कोरडं, दोनचार थेंब मोत्यासारखे घरंगळले आणि संपलं. ती चांदी म्हणजे हवेचा पातळ थर. पानावर मेणाची साय असते, ती पाण्याला टेकूच देत नाही, आणि आपण समजतोय की मीठ आपलं काम करतंय! अंगठ्याने चोळलं तशी चांदी गेली आणि मग कुठे पान ओलं झालं.

आता औषधाचं बघा. बरीचशी कीटकनाशकं तेलकट स्वभावाची, पाण्यापेक्षा या मेणात रमणारी, शिवाय पावसाने धुऊन जाऊ नयेत म्हणून फवारताना त्यात स्टिकर, म्हणजे पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य, घालतात. म्हणजे जी गोष्ट पावसाला दाद देऊ नये म्हणूनच बनवली ती आमच्या टबाला कशी देणार. आणि मिठाची तर गंमतच आहे, तेलकट पदार्थ खारट पाण्यात साध्या पाण्यापेक्षा कमी विरघळतात, लॅबमध्ये असे पदार्थ पाण्यातून बाहेर ढकलायला मुद्दाम मीठ टाकतात. मीठपाण्याने काहीच जात नाही असं नाही, जातं थोडं, पण त्यातलं बरंचसं श्रेय पाण्याचं आणि आपल्या हाताचं असतं, मीठ उगाच भाव खाऊन जातं.

व्हिनेगरचा हिशोब तर सोपा आहे. बाटलीतच ते साधारण 5 टक्के आम्ल, त्याचे दोन मोठे चमचे तीन लिटरच्या टबात म्हणजे ताकद शंभरावा हिस्सा. त्यात परत फवारणीतली बरीच औषधं आम्लात टिकून राहतात आणि फुटतात ती उलट्या बाजूला, अल्कलीत. म्हणजे सोड्यात.

सोड्यावरून आठवलं, 2017 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लोकांनी सफरचंदावर हे करून बघितलंय. दोन औषधं लावली, थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक, एक दिवस तसंच ठेवलं आणि मग लिटरला 10 ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे, अशा पाण्यात धुतलं. सालीवरचं औषध पूर्ण जायला पहिल्याला 12 मिनिटं लागली, दुसऱ्याला 15. नुसत्या पाण्यापेक्षा सोडा सरस ठरला. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त लागला. तेवढ्या एका दिवसात थायाबेंडाझोलचा 20 टक्के आणि फॉस्मेटचा 4.4 टक्के भाग सालीच्या आत गेला होता आणि तो सोड्यालाही सापडला नाही. आत गेलेलं सालाबरोबरच जायचं, आणि इमिडाक्लोप्रिडसारखी जी औषधं झाड स्वतःच मुळातून ओढून घेतं त्यांना तर सालीचंही बंधन नाही, तिथे टब, सोडा, व्हिनेगर सगळे सारखेच बिनकामाचे.

मग धुवायचं कशाला? तर वर राहिलेलं निघतं म्हणून. अमेरिकेतच, कनेक्टिकटमध्ये 2000 साली आलेल्या एका अभ्यासात नुसत्या नळाच्या पाण्याने 12 पैकी 9 औषधं कमी झाली आणि गंमत म्हणजे कुठलं औषध पाण्यात किती विरघळतं याच्याशी त्याचा फारसा संबंधच नव्हता. औषध विरघळून गेलं नव्हतं, धूळ निघावी तसं वाहत्या पाण्याच्या माऱ्याने निघून गेलं होतं. टबात मारा कुठला, आणि सुटलेलं त्याच पाण्यात भाजीभोवती फिरत बसतं ते वेगळंच.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, फ्लॉवरचे तुरे सुटे केले आणि मीठपाण्यात टाकले. दहा मिनिटांनी एक हिरवी अळी वर तरंगत आली. तिने टबाकडे बोट दाखवलं.

"निघालं ना?"

"हो, निघाली," म्हटलं, आणि तुरे नळाखाली धरून एकेक चोळायला घेतले.